भिजलेले तैलचित्र : संवर्धकांना लिहिलेले पत्र आणि त्यानंतरचे काम

पणजोबांच्या तैलचित्रावर पाणी उतरल्याचे लक्षात आले तेव्हा ‘हे दुरुस्त होईल का?’ हा प्रश्न घरातल्या प्रत्येकाच्या तोंडी होता. मात्र तोच प्रश्न चित्रसंवर्धकाला विचारायचा तर पत्रात नेमके काय लिहावे, हे आमच्यापैकी कोणालाच ठाऊक नव्हते. चित्राचे काम पूर्ण झाल्यावर मागे वळून पाहताना मला असे वाटते की त्या पहिल्या पत्राने बरेच काही ठरवले. म्हणून ते पत्र, त्यामागची तयारी आणि त्याला आलेले उत्तर येथे सविस्तर मांडत आहे.

चित्र कॅनव्हासवरचे असून साधारण साठ सेंटिमीटर रुंद आणि पंचाहत्तर सेंटिमीटर उंच आहे. पणजोबा खुर्चीत बसलेले आहेत आणि त्यांचा उजवा हात एका जाड पुस्तकावर टेकलेला आहे. ज्या भिंतीवर ते टांगले होते तिच्या आतून जाणाऱ्या नळाला गळती लागली आणि पाणी भिंतीतून झिरपत चित्राच्या मागे उतरले. समोरून थेंबही दिसत नव्हता. मागच्या लाकडी चौकटीची खालची पट्टी आणि कॅनव्हास यांच्यामध्ये जी अरुंद फट असते, तिथे ते पाणी साठून राहिले आणि खालचा डावा भाग आतून भिजत गेला.

चित्र दोघांनी मिळून उतरवले आणि सावलीच्या, हवेशीर खोलीत रंगाची बाजू वर ठेवून आडवे केले. वर आलेले पोपडे उभ्या चित्रावरून स्वतःच्याच वजनाने गळतात, म्हणून आडवे ठेवणे गरजेचे होते. पृष्ठभाग पुसला नाही, ऊन दाखवले नाही, पंख्याचा झोत लावला नाही. काकांचे म्हणणे होते की मागून कापड ठेवून हलकी इस्त्री फिरवली तर फुगवटा बसेल. त्यांचा हेतू चांगलाच होता, पण ओल्या कॅनव्हासला उष्णता दिली की तो अधिकच आवळतो आणि मऊ पडलेला रंग दाबाखाली चेपला जातो, म्हणून मी त्यांना थांबवले. फ्रेमच्या खाचेत रंगाचे काही तुकडे पडलेले होते. ते चिमट्याने न धरता कागदाच्या कडेने अलगद उचलले, छोट्या पुड्यांत ठेवले आणि कोणता तुकडा कोठे सापडला ते प्रत्येक पुडीवर लिहिले.

फोटो काढताना सर्वांत जास्त माहिती मिळाली ती तिरक्या उजेडात. खोली अंधारी करून टॉर्च चित्राच्या डाव्या कडेला, पृष्ठभागाला जवळजवळ समांतर धरली. समोरच्या उजेडात केवळ खालच्या कोपऱ्यातले पोपडे आणि एक पांढुरका डाग दिसत होता. तिरक्या उजेडात मात्र कोटाच्या बाहीवर, अगदी कोपराच्या वरपर्यंत, रंगाच्या बारीक उभ्या कडा सावल्या टाकत उभ्या असलेल्या दिसल्या. तिथला रंग अजून पडला नव्हता, पण त्याचा खालचा आधार सुटला होता. मग समोरून, मागून, दोन्ही बाजूंच्या तिरक्या उजेडात आणि मोजपट्टी शेजारी ठेवून जवळून असे फोटो घेतले. चित्राच्या मागचा फोटो बहुतेक जण पाठवत नाहीत असे नंतर कळले, आणि याचे मला आश्चर्य वाटले, कारण पाण्याची हद्द दाखवणारी तपकिरी रेषा मागच्या कापडावरच सर्वांत स्पष्ट असते.

संवर्धकांना पाठवलेले पत्र असे होते :

‘सप्रेम नमस्कार, विनंती विशेष.

आमच्या पणजोबांचे कॅनव्हासवरील तैलचित्र भिंतीतील गळतीमुळे भिजले आहे. पाणी पिण्याच्या नळाचे होते, सांडपाण्याचे नव्हते. मात्र ते चुन्याच्या आणि सिमेंटच्या भिंतीतून झिरपून आले आहे. चित्र किती काळ भिजत होते हे निश्चित सांगता येत नाही, परंतु मागच्या कापडावर एकात एक अशा तपकिरी रेषा दिसतात, त्यावरून ते एकापेक्षा अधिक वेळा भिजून वाळले असावे.

पुढील वर्णनात डावे-उजवे हे चित्राकडे पाहणाऱ्याच्या बाजूने आहे. खालच्या डाव्या कोपऱ्यात सुमारे नऊ सेंटिमीटर रुंद आणि बारा सेंटिमीटर उंच भागात रंगाचे पोपडे सुटले असून काही ठिकाणी खालचा पांढरा थर, तर काही ठिकाणी थेट कापड दिसते. पुस्तकावरील हाताच्या दोन बोटांची टोके गेली आहेत. त्याच्या वर, बाहीवर, रंगाच्या कडा तंबूसारख्या उभ्या आहेत, पण रंग जागेवर आहे. पुस्तकावर आणि खुर्चीच्या हातावर पांढुरके धुके आल्यासारखे दिसते. खालच्या पट्टीजवळ कॅनव्हासला फुगवटा आहे. खालच्या कडेचे खिळे गंजले आहेत. मागच्या बाजूला करड्या रंगाचे बुरशीसारखे ठिपके आहेत. चेहऱ्याला प्रत्यक्ष इजा दिसत नाही.

चित्र पुसलेले, दाबलेले किंवा गरम केलेले नाही. ते आडवे ठेवले आहे. पडलेले तुकडे जपून ठेवले आहेत. यापूर्वी त्याची दुरुस्ती झाल्याचे घरात कोणाच्या आठवणीत नाही, पण खात्री देता येत नाही. चित्र भिंतीवर असतानाचा एक जुना कृष्णधवल फोटो आमच्याकडे आहे, तो सोबत जोडला आहे.

आपणास विचारायचे ते असे : सुटलेला रंग पुन्हा जागेवर बसवता येतो का? धुके वॉर्निशमध्ये आहे की रंगात, हे कसे कळते? मागून नवे कापड चिकटवावे लागेल का? गेलेली बोटे नव्याने रंगवली जातील काय, आणि ती रंगवली तर ते काम पुढे कधी काढून टाकता येईल का? आपण चित्र तपासेपर्यंत आम्ही काय करू नये, हेही कृपया कळवावे.

कळावे,
आपली’

उत्तराच्या पहिल्याच ओळींत काळजीची सूचना होती : बुरशी मागच्या बाजूला असल्याने चित्र बंद कपाटात किंवा प्लास्टिकमध्ये गुंडाळून ठेवू नये, खोलीतील सापेक्ष आर्द्रता ६५ टक्क्यांच्या खाली राहील असे पाहावे, पण खोली एकदम कोरडीही करू नये, कारण झपाट्याने वाळणारे चित्र पुन्हा हलते. त्यानंतर त्यांनी काय घडले असावे ते समजावून सांगितले, आणि पुढचे सारे काम मला त्या स्पष्टीकरणामुळेच समजू शकले.

तैलचित्र म्हणजे कापडावरचा केवळ रंग नसतो. आधी कापडाला सरसाचा हात दिलेला असतो, त्यावर पांढरा अस्तराचा थर असतो, त्यावर रंगाचे थर आणि सर्वांत वर वॉर्निश. जुना, पूर्ण वाळलेला तैलरंग स्वतः पाण्याने सहजी विरघळत नाही. पाणी मागून येते तेव्हा ते आधी कापड आणि सरस गाठते. धागे पाणी पिऊन जाड होतात. घट्ट विणीच्या कापडात जाड झालेल्या प्रत्येक धाग्याला दुसऱ्या धाग्याला वळसा घालण्यासाठी जास्त लांबी लागते, ती तो कापडाच्या लांबीरुंदीतूनच घेतो, आणि म्हणून ओला कॅनव्हास आकसतो. वरचा रंग ताठर असतो, तो आकसू शकत नाही. नेमक्या त्याच वेळी दोघांना धरून ठेवणारा सरस मऊ पडलेला असतो. मग रंगाला खाली जागा उरत नाही आणि तो कडांवर उचलला जाऊन उभा राहतो. बाहीवरच्या त्या कडांचे कारण हे होते. त्यावरून एक कटू गोष्टही स्पष्ट झाली : कापड आकसलेलेच राहिले तर उचललेला रंग सपाट बसवायला जागा अपुरी पडते, आणि बळ लावून दाबला तर तो मोडतो किंवा एकमेकांवर चढतो. ‘पोपडे चिकटवून द्या’ ही आमची कल्पना किती अपुरी होती, ते तेव्हा कळले.

प्रत्यक्ष तपासणीत त्यांनी चित्र अतिनील दिव्याखालीही पाहिले. जुने नैसर्गिक राळेचे वॉर्निश त्या उजेडात हिरवट चमकते आणि नंतर केलेले रंगकाम बहुधा काळपट डागांसारखे दिसते. आमच्या चित्रावर खुर्चीच्या पाठीजवळ एक असा काळपट डाग निघाला, म्हणजे कधीतरी कोणीतरी तिथे हात फिरवला होता. हाताच्या आणि चेहऱ्याच्या भागात मात्र मूळ रंगच होता.

त्यानंतर त्यांनी लेखी अहवाल दिला. त्यात आधी सद्यस्थिती, मग कामाचे टप्पे, प्रत्येक टप्प्यातला धोका आणि कोणत्या टप्प्यापूर्वी आमची संमती लागेल हे नमूद केले होते. मला त्यातला क्रम महत्त्वाचा वाटला. आमची समजूत अशी होती की आधी चित्र स्वच्छ होईल आणि मग दुरुस्ती. वास्तविक सुटलेला रंग पक्का होईपर्यंत पृष्ठभागावर कापसाचा बोळासुद्धा फिरवता येत नाही, कारण तो बोळाच पोपडे उचलून नेतो. बुरशी तेवढी आधी काढली, तीही मागच्या बाजूने, मऊ कुंचल्याने सैल करून, बारीक गाळणी असलेल्या व्हॅक्यूमने ओढून, पूर्ण कोरड्या पद्धतीने.

रंग पक्का करण्याचे काम मला थोडा वेळ जवळून पाहता आले. भिंगाखाली, अगदी बारीक कुंचल्याच्या टोकाने, चिरेच्या कडेशी पाणी आणि अल्कोहोलचे थोडेसे मिश्रण टेकवले की ते आपोआप आत खेचले जाते. त्याच्या मागोमाग स्टर्जन माशाच्या वायुपिशवीपासून केलेला कोमट, पातळ सरस त्याच वाटेने आत जातो. काही वेळाने रंगाचा पोपडा किंचित नरम होतो. मग त्यावर न चिकटणारी पातळ फिल्म ठेवून, ठरावीक तापमानाला गरम केलेल्या छोट्या धातूच्या पात्याने तो टेकवला जातो. पाते दाबले जात नव्हते, नुसते ठेवून उचलले जात होते. त्यानंतर टिपकागद आणि लहानसे वजन.

याच टप्प्यावर मी त्यांना विचारले, ‘मॅडम, पाण्यानेच बिघडलेल्या चित्राला पुन्हा पाण्यातला सरस चालतो का?’ त्या म्हणाल्या, ‘म्हणूनच आधी कडेला चाचणी घेतली. या कापडाच्या वरच्या भागात ते थोडेसे पाणी सहन होते. खालच्या कोपऱ्यात कापड लगेच ओढू लागले, तिथे सरस वापरणार नाही.’ त्या कोपऱ्यासाठी त्यांनी पाण्याविना काम करणारे, उष्णतेने चिकटणारे बेवा ३७१ हे कृत्रिम चिकटद्रव्य निवडले. एकाच चित्राच्या दोन भागांना दोन वेगळी द्रव्ये लागू शकतात, हे मला नवीन होते, आणि जो कोणी फोटो पाहूनच ‘अमुक लावून देतो’ असे ठामपणे सांगेल त्याच्याबद्दल सावध राहावे, असे माझे तेव्हापासूनचे स्पष्ट मत आहे.

फुगवट्याचे कारण साधे निघाले. खालच्या पट्टीच्या फटीत प्लॅस्टरचे कण, धूळ आणि एक निखळलेली लाकडी पाचर अडकून पडली होती. त्या ढिगाऱ्यानेच पाणी धरून ठेवले होते. तो कचरा पातळ पट्टीने हळूहळू बाहेर काढला. आकसलेला कॅनव्हास नियंत्रित दमटपणात थोडा शिथिल करून, कडांनी अतिशय मंद ताण देत, वजनाखाली वाळू दिला. हे काम सर्वांत संथ होते. कापड बरेच सैलावले, पण पूर्ण पूर्वस्थितीत आले नाही, आणि ते येणार नाही असे अहवालात आधीच लिहिलेले होते.

मागून संपूर्ण नवे कापड चिकटवण्याबद्दल त्यांचे उत्तर नकारार्थी होते. एके काळी जुन्या चित्रांना सर्रास असे अस्तर लावले जाई, अनेकदा मेण आणि राळ वितळवून, आणि ते मिश्रण कापडात कायमचे मुरून बसे. १९७४ मध्ये ग्रीनिच येथे या पद्धतींची तुलना करणारी परिषद भरली, त्यानंतर या सरसकट वापराचा संवर्धकांनी गंभीरपणे फेरविचार केला. आमच्या चित्राचे कापड पुरेसे मजबूत होते. गंजलेल्या खिळ्यांभोवतीची खालची कड तेवढी कुजली होती. म्हणून केवळ कडांना नव्या कापडाच्या पट्ट्या जोडल्या आणि गंज न धरणाऱ्या खिळ्यांनी चित्र पुन्हा त्याच चौकटीवर ताणले.

पांढुरक्या धुक्याच्या बाबतीत निकाल दोन भागांत लागला. ओलीमुळे थरात अतिसूक्ष्म पोकळ्या तयार होतात आणि त्यांवर प्रकाश विखुरल्यामुळे तो भाग पांढरट दिसतो. खुर्चीच्या हातावर त्या पोकळ्या वॉर्निशमध्ये होत्या. नखाएवढ्या जागेवर द्रावकाची चाचणी घेतली तेव्हा तिथला गडद तपकिरी रंग लगेच खाली दिसू लागला. पुस्तकावर मात्र वॉर्निश काढल्यानंतरही धुके राहिले, याचा अर्थ ते रंगातच उतरले होते. नव्या वॉर्निशने ते पुष्कळ मावळले, पण पुस्तकाच्या कण्याजवळ काळा रंग आजही किंचित राखाडी दिसतो.

शेवटचा प्रश्न बोटांचा होता, आणि तिथे आमच्यात मतभेद झाले. जपून ठेवलेल्या पुड्यांतील काही मोठे तुकडे बाहीच्या कडेला नेमके जुळले आणि परत बसले. बोटांचे तुकडे मात्र चुरा होऊन गेले होते. रिकाम्या जागी खडूची भुकटी आणि बंधक यांचे भरण घालून ते शेजारच्या रंगाच्या पातळीला आणले, त्यावर कुंचल्याच्या फटकाऱ्यांसारखा पोत उठवला, मग वॉर्निशचा एक थर दिला आणि त्याच्यावर रंग भरला. हा रंग तैलरंग नसतो. तैलरंग काळाबरोबर गडद होतो आणि वाळल्यावर काढणे कठीण जाते. त्याऐवजी कृत्रिम राळेत मिसळलेले रंग वापरले, जे सौम्य द्रावकाने खालच्या मूळ रंगाला धक्का न लावता पुढे कधीही काढता येतात. रंग केवळ भरणावर, मूळ रंगावर एक रेषाही न चढवता.

आत्याचे म्हणणे होते की त्या हातात अंगठी होती, ती दाखवावी. ‘आत्या, तुम्ही ती त्यांच्या हातात पाहिली होती हे खरे असेल,’ संवर्धकांनी शांतपणे सांगितले, ‘पण चित्रकाराने ती काढली होती का, हे आपल्याला ठाऊक नाही.’ जुन्या फोटोत बोटांचा आकार आणि त्यांची टेकण्याची पद्धत स्पष्ट दिसत होती, अंगठीच्या जागी मात्र पुस्तकाची सावली होती. म्हणून बोटांची टोके फोटोच्या आधारे पूर्ण केली आणि अंगठी काढली नाही. आत्याला ते मनापासून पटले नाही, तरी तिने संमतीपत्रावर सही केली. मला स्वतःला हा निर्णय योग्य वाटतो, कारण आठवणीतून काढलेली अंगठी चित्रकाराची झाली नसती, आमची झाली असती.

चित्र परत आले ते एका जाड अहवालासह. त्यात कामापूर्वीचे, कामादरम्यानचे आणि नंतरचे फोटो, वापरलेल्या प्रत्येक द्रव्याचे नाव आणि नवे रंगकाम कोठे आहे याचा आराखडा आहे. पुढे कोणत्याही संवर्धकाला तो लागेल. मागच्या बाजूला आता संरक्षक फळी बसवली आहे, आणि चित्र आतल्या, नळ नसलेल्या भिंतीवर, फ्रेमच्या खालच्या कोपऱ्यांना ठोकळे लावून, मागून हवा खेळेल असे टांगले आहे. समोरून पाहिले तर नुकसान सहसा लक्षात येत नाही. तिरक्या उजेडात बाहीवर काही मंद उंचवटे दिसतात. ते किती आहेत हे अहवालातील फोटोवरून कळते, म्हणून हवा दमट झाली की त्याच अंतरावरून आणि त्याच कोनातून टॉर्च धरून फोटो घ्यायचा, जुन्या फोटोशी ताडून पाहायचा आणि एखादी नवी कड उभी राहिलेली दिसली तर हात न लावता तो फोटो त्यांच्याकडे पाठवायचा, असे आमच्यात ठरले आहे.